मध्यमान प्रमेय: समान उंचीच्या टोकांपासून तिरप्या जीवेपर्यंत

एका गाडीने २ तासांत १५० किलोमीटर अंतर कापले. सरासरी वेग झाला ताशी ७५ किलोमीटर. वाटेत ती कुठे ताशी ४० ने गेली असेल, कुठे १०० ने, कुठे काही काळ थांबलीही असेल. तरीही या २ तासांत असा एक क्षण नक्की येऊन गेला, की त्या क्षणी तिचा प्रत्यक्ष वेग बरोबर ताशी ७५ होता. एखाद्या अंतरालातला सरासरी बदल आणि त्या अंतरालातल्या कुठल्यातरी एका क्षणाचा बदल हे कधीतरी तंतोतंत जुळतातच, एवढेच मध्यमान प्रमेय सांगते.

यावर पटकन सुचणारा युक्तिवाद असा: वेग कधी ७५ पेक्षा कमी होता, कधी जास्त होता, मग कमीवरून जास्तवर जाताना ७५ लागणारच. निष्कर्ष बरोबर आहे, पण युक्तिवादात दोन भोके आहेत. पहिले म्हणजे, वेग सतत ७५ पेक्षा कमीच राहिला असता तर २ तासांत १५० किलोमीटर झाले नसते, हे आपण उघड सत्य म्हणून धरले. सिद्ध करायचे आहे ते नेमके याच जातीचे आहे. दुसरे म्हणजे, वेग बदलताना मधली प्रत्येक किंमत घेतो हेही गृहीत धरले. त्यासाठी सहसा वेग संतत असल्याचे मानले जाते आणि प्रमेयाच्या अटींत तसे काहीच नाही. खरी सिद्धता या दोन्हींना हात न लावता वेगळ्याच वाटेने जाते. ती वाट टोकांच्या किमती समान असलेल्या सोप्या प्रकारापासून सुरू होते, म्हणून आपणही तिथूनच चालू लागू. आधी विधान मात्र नीट मांडून घेऊ.

विधान आणि त्यातल्या दोन अटी

समजा f हे फलन संवृत अंतराल [a, b] वर संतत आहे आणि विवृत अंतराल (a, b) मधल्या प्रत्येक बिंदूपाशी विकलनीय आहे. मग a आणि b यांच्या मध्ये असा किमान एक बिंदू c मिळतो, की

f′(c) = (f(b) − f(a)) / (b − a)

उजवी बाजू म्हणजे आलेखावरची दोन टोके (a, f(a)) आणि (b, f(b)) जोडणाऱ्या जीवेचा चढ. डावी बाजू म्हणजे c पाशी आलेखाला काढलेल्या स्पर्शिकेचा चढ. चित्राच्या भाषेत सांगायचे तर टोके जोडणाऱ्या जीवेला समांतर अशी स्पर्शिका मधे कुठेतरी निघतेच.

विधानात अंतराल दोनदा आले आहे आणि दोन्ही वेळा वेगळे आहे. सातत्य हवे टोकांसकट. विकलनीयता हवी फक्त आत. हा फरक अनेक जण छपाईतला बारकावा समजून सोडून देतात, पण सिद्धतेत दोन्ही अटी वेगवेगळ्या जागी खर्च होतात. टोकांपाशी विकलज नसला तरी चालते, हे f(x) = √x वर [0, 1] मध्ये दिसते. 0 पाशी या आलेखाची स्पर्शिका उभी आहे, तिला चढच नाही. तरी प्रमेय लागू होते: जीवेचा चढ 1, आणि 1/(2√c) = 1 वरून c = 1/4. तोच नियम टोकापाशी सातत्यालाही लावता येईल असे वाटले, तर थोड्याच वेळात त्याचे उत्तर मिळेल.

आणखी एक गोष्ट: प्रमेय c आहे म्हणते, तो कुठे आहे हे सांगत नाही. एकच आहे असेही म्हणत नाही. f(x) = x³ घेऊन [−1, 1] वर पाहिले तर जीवेचा चढ 1 आहे, आणि 3c² = 1 वरून दोन बिंदू मिळतात, साधारण −0.577 आणि 0.577. उलट दिशेचे विधान तर खोटेच आहे. त्याच x³ ची 0 पाशी स्पर्शिका आडवी आहे, पण आलेखावरची कुठलीही जीवा आडवी नाही, कारण हे फलन सतत वाढते आणि दोन ठिकाणी समान किंमत घेतच नाही. जीवा दिली की स्पर्शिका मिळते. स्पर्शिका दिली की जीवा मिळेलच असे नाही.

पहिला टप्पा: दोन्ही टोके एकाच उंचीवर

आता f(a) = f(b) असे माना. जीवा आडवी झाली, तिचा चढ 0. सिद्ध करायचे एवढेच उरले, की आत कुठेतरी f′(c) = 0 आहे. हा खास प्रकार रोलचे प्रमेय म्हणून ओळखला जातो. मिशेल रोल या फ्रेंच गणितज्ञाने १६९१ मध्ये तो फक्त बहुपदींसाठी दाखवला होता. त्या काळी नव्याने उभ्या राहत असलेल्या कलनशास्त्राचा तो टीकाकार होता, आणि त्याची पद्धत बीजगणिती होती. आजची सिद्धता त्याहून निराळी आहे.

चित्र पाहून कल्पना लगेच येते. एका उंचीवरून निघालेली रेघ परत त्याच उंचीवर यायची असेल, तर ती वर जाऊन कुठेतरी वळली असेल, किंवा खाली जाऊन वळली असेल, किंवा हललीच नसेल. वळणापाशी स्पर्शिका आडवी. ही कल्पना शब्दशः सिद्धतेत उतरते. फक्त दोन ठिकाणी थांबून विचारावे लागते: वळणाचा बिंदू असतोच हे कशावरून, आणि तिथे विकलज शून्यच का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सातत्यातून येते. संवृत अंतरालावर संतत असलेले फलन आपली महत्तम आणि लघुतम किंमत कुठेतरी प्रत्यक्ष घेते. याला चरम मूल्य प्रमेय म्हणतात. ते आपण इथे सिद्ध करणार नाही, पण सगळ्या सिद्धतेचे वजन त्याच्यावर आहे हे ध्यानात ठेवा. महत्तम किंमतीच्या जवळ जाणे वेगळे आणि ती खरोखर गाठणे वेगळे. आपल्याला गाठलेली हवी आहे.

आता या दोन किमती कुठे गाठल्या जातात ते पाहू. दोन्ही फक्त टोकांवरच गाठल्या जात असतील, तर टोकांच्या किमती समान असल्याने महत्तम आणि लघुतम एकच झाल्या. म्हणजे फलन संपूर्ण अंतरालावर स्थिर आहे, विकलज सगळीकडे शून्य आहे, आणि आतला कुठलाही बिंदू c म्हणून चालतो. तसे नसेल, तर निदान एक किंमत आतल्या एखाद्या बिंदूवर गाठली जाते. तो बिंदू c. टोके समान असल्याची अट नेमकी इथे कामी आली: तिच्यामुळे सर्वांत उंच किंवा सर्वांत खोल बिंदू आत ढकलला गेला.

दुसरा प्रश्न. समजा c हा आतला बिंदू असून तिथे महत्तम किंमत आहे. म्हणजे c च्या आजूबाजूला कुठेही गेलो तरी f(c + h) − f(c) हे शून्य किंवा ऋण असते. आता हा फरक h ने भागायचा.

उजवीकडे गेलो तर h > 0, म्हणून

(f(c + h) − f(c)) / h ≤ 0

डावीकडे गेलो तर h < 0. वरची संख्या अजूनही शून्य किंवा ऋण आहे, खालची ऋण आहे, म्हणून

(f(c + h) − f(c)) / h ≥ 0

h शून्याकडे नेला की पहिल्या गुणोत्तराची सीमा शून्याहून मोठी असू शकत नाही आणि दुसऱ्याची शून्याहून लहान असू शकत नाही. c पाशी f विकलनीय आहे, म्हणजे या दोन्ही सीमा अस्तित्वात आहेत आणि समान आहेत. एकच संख्या शून्याहून मोठी नाही आणि लहानही नाही. म्हणून f′(c) = 0. आत लघुतम किंमत असेल तर असमतांची चिन्हे उलटतात, बाकी सगळे तसेच.

c टोकावर असता तर एकाच बाजूने जाता आले असते आणि एकच असमता मिळाली असती. एका असमतेवरून शून्य निघत नाही. उदाहरणार्थ f(x) = x ची [0, 1] वरची महत्तम किंमत 1 पाशी आहे आणि तिथे विकलज 1 आहे, शून्य नाही. म्हणून महत्तम किंमतीपाशी विकलज शून्य असतो हे वाक्य अर्धवट आहे. आतला बिंदू आणि तिथली विकलनीयता, दोन्ही म्हटल्याशिवाय ते वापरू नये.

अट मोडली की सिद्धता कुठे तुटते

प्रमेयाच्या अटी पाठ करण्यापेक्षा एकेक अट काढून पाहावी आणि सिद्धतेतले कुठले वाक्य खोटे पडते ते शोधावे. मला तरी हीच पद्धत सर्वांत उपयोगी वाटते, कारण नंतर अटी आठवाव्या लागत नाहीत, त्या युक्तिवादातूनच परत मिळतात.

आधी विकलनीयता काढू. f(x) = |x| घ्या, अंतराल [−1, 1]. टोकांच्या किमती दोन्हीकडे 1. फलन संतत आहे, लघुतम किंमत आत 0 पाशी आहे. इथवर सिद्धता बिनचूक चालते. पुढे उजवीकडचे गुणोत्तर सतत 1 राहते आणि डावीकडचे सतत −1. दोन्ही असमता खऱ्याच आहेत, पण दोन्ही सीमा समान असल्याचे वाक्य तुटले. एकाच बिंदूपाशी आलेला कोन पुरला. आत कुठेही आडवी स्पर्शिका नाही.

आता टोकापाशीचे सातत्य काढू, मघाशी राहिलेले. f(x) = x असे 0 ≤ x < 1 साठी घ्या आणि f(1) = 0 ठेवा. टोकांच्या किमती समान आहेत: 0 आणि 0. आत सगळीकडे विकलज आहे आणि तो सगळीकडे 1 आहे, म्हणजे शून्य कुठेच नाही. काय बिघडले? किमती 1 च्या हव्या तितक्या जवळ जातात, पण 1 ही किंमत कुठेच गाठली जात नाही. महत्तम किंमतच नाही, मग तिच्या बिंदूपाशी काही करण्याचा प्रश्नच उरत नाही. लघुतम किंमत 0 आहे, पण ती टोकांवर आहे आणि टोके कामाची नाहीत. टोकावरचा एकच बिंदू जागचा हलवला आणि प्रमेय गेले. टोकापाशी विकलनीयता सोडता येते, सातत्य सोडता येत नाही, ते यामुळे.

दुसरा टप्पा: तिरपी जीवा आडवी करणे

आता सर्वसाधारण प्रकार. टोके वेगवेगळ्या उंचीवर आहेत आणि जीवा तिरपी आहे. कागद थोडा फिरवून जीवा आडवी केली तर रोलचेच चित्र दिसते, असे बहुतेक वेळा सांगितले जाते. मनात चित्र उभे करायला ते ठीक आहे, पण सिद्धता म्हणून ते चालत नाही. कागद फिरवल्यावर आलेख हा फलनाचा आलेख राहीलच याची हमी नसते. एकाच उभ्या रेषेवर त्याचे दोन-तीन बिंदू येऊ शकतात. खाली येणाऱ्या उदाहरणात तसेच घडते.

फिरवण्याऐवजी सरकवायचे. प्रत्येक x पाशी आलेखाचा बिंदू सरळ उभ्या दिशेने खाली आणायचा, आणि किती आणायचा, तर त्या x पाशी जीवेची जेवढी उंची असेल तेवढा. जीवा स्वतः यामुळे आडव्या अक्षावर येऊन बसते. x कुणाचाच बदलत नाही, म्हणून फलन फलनच राहते.

सूत्रात लिहू. जीवेचा चढ

m = (f(b) − f(a)) / (b − a)

जीवेचे समीकरण L(x) = f(a) + m(x − a). नवे फलन

g(x) = f(x) − L(x) = f(x) − f(a) − m(x − a)

g(x) म्हणजे x पाशी आलेख आणि जीवा यांच्यातले उभे अंतर, चिन्हासकट. टोकांवर आलेख आणि जीवा एकमेकांना भेटतात, म्हणून g(a) = 0 आणि g(b) = 0. पहिले उघड आहे. दुसरे तपासायला x = b घाला: m(b − a) म्हणजेच f(b) − f(a), म्हणून सगळे कटते.

आता g ला रोलचे प्रमेय लागू होते का? f संतत आहे आणि L ही सरळ रेषा आहे, म्हणून g संतत. त्याच कारणाने g आत विकलनीय. टोके समान. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या, म्हणून आत कुठेतरी g′(c) = 0. पण

g′(x) = f′(x) − m

म्हणून f′(c) = m. सिद्धता इथे संपली.

हे g कुणाला आकाशातून पडल्यासारखे वाटते, कारण पाठ्यपुस्तकात ते बहुतेकदा पहिल्याच ओळीत काही न सांगता येते. ते स्वतः शोधायचे असेल तर उलटीकडून विचार करा. आपल्याला f′(c) − m = 0 हवे आहे. कुठल्या फलनाचा विकलज f′(x) − m आहे? f(x) − mx चा. मग त्याच्या टोकांच्या किमती समान आहेत का ते पाहा: f(b) − mb = f(a) − ma हे समीकरण मांडले तर ते m च्या व्याख्येचेच दुसरे रूप निघते. म्हणजे नुसते f(x) − mx घेतले तरी काम होते. स्थिर पदांनी विकलजावर काही फरक पडत नाही. जीवा पूर्ण वजा करण्याचा फायदा एवढाच, की g ला अर्थ मिळतो. त्या अर्थामुळे c कुठे शोधायचा याचाही सुगावा लागतो: आलेख आणि जीवा यांच्यातले उभे अंतर जिथे सर्वांत जास्त, तिथे स्पर्शिका जीवेला समांतर.

लाग्रांजने १७९७ मध्ये या प्रमेयाचे एक रूप मांडले होते, म्हणून त्याचे नाव प्रमेयाला चिकटले. पण वरची सिद्धता, जिच्यात विकलजाच्या सातत्याची गरजच पडत नाही, ती ऑसियन बोने याची. ती १८६८ मध्ये सेरे याच्या कलनशास्त्राच्या पुस्तकात छापली गेली.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

f(x) = x³ − 2x, अंतराल [0, 3].

बहुपदी आहे, म्हणून सगळीकडे संतत आणि विकलनीय. अटी पुऱ्या झाल्या. पण हे वाक्य लिहायचे असते. ते न लिहिता थेट समीकरण सोडवले, तर उत्तर कदाचित बरोबर येईल, पण प्रमेय वापरले असे म्हणता येणार नाही.

टोकांच्या किमती: f(0) = 0 आणि f(3) = 27 − 6 = 21. जीवेचा चढ m = 21/3 = 7, आणि जीवा y = 7x.

आता अंतराचे फलन: g(x) = x³ − 2x − 7x = x³ − 9x. तपासणी: g(0) = 0, g(3) = 27 − 27 = 0. इथे दोन्ही टोकांवर शून्य आले नाही, तर चढ काढताना चूक झाली आहे असे समजावे. पुढे जाण्याआधी ही तपासणी करण्याची सवय लावून घ्या.

g′(x) = 3x² − 9, म्हणून c² = 3. दोन मुळे येतात, √3 आणि −√3. त्यांतले −√3 हे अंतरालाबाहेर आहे, ते टाकायचे. c = √3, साधारण 1.732, आणि तो 0 आणि 3 यांच्या मध्ये आहे. पडताळा: f′(√3) = 3·3 − 2 = 7. जुळले.

g ची किंमत या बिंदूपाशी 3√3 − 9√3 = −6√3, साधारण −10.39. ऋण चिन्ह सांगते, की आलेख जीवेच्या खाली आहे. √3 पाशी तो जीवेपासून सर्वांत खाली गेलेला आहे आणि तिथून परत जीवेकडे वळतो. म्हणजे इथे लघुतम किंमतीने c दिला. महत्तम किंमत टोकांवर आहे, आणि तिचा उपयोग नाही.

कागद फिरवण्याचा मुद्दा इथेच तपासता येतो. जीवेचा चढ 7 आहे, म्हणजे ती आडव्या दिशेशी साधारण 82 अंशांचा कोन करते. तिला आडवी करायला सगळे चित्र तेवढ्या अंशांनी घड्याळाच्या दिशेने फिरवावे लागेल. पण 0 पाशी f′(0) = −2, म्हणजे आलेख सुरुवातीलाच साधारण 63 अंश खाली झुकलेला आहे. त्याला आणखी 82 अंश फिरवले की त्याचे तोंड डावीकडे वळते. फिरवलेली रेघ सुरुवातीच्या बिंदूपासून आधी मागे जाते, मग वळून पुढे येते. हा फलनाचा आलेख नाही आणि त्याला रोलचे प्रमेय लावता येत नाही. उभे सरकवताना मात्र असे काहीच होत नाही.

c न शोधता प्रमेय वापरणे

समीकरण सोडवून c काढण्याचे सराव इतके होतात, की प्रमेयाचे काम c शोधणे आहे असा समज होतो. प्रत्यक्षात त्याचा खरा वापर उलटा आहे. c कुठे आहे हे कळतच नाही, पण तो अंतरालात आहे एवढ्या माहितीवर विकलजाच्या सीमारेषा ठरवायच्या आणि त्यांवरून फलनाच्या किमतीबद्दल निष्कर्ष काढायचा.

√102 चा अंदाज करू. f(x) = √x, अंतराल [100, 102]. प्रमेयानुसार

√102 − 10 = 2 · 1/(2√c) = 1/√c

c चा नेमका पत्ता आपल्याला नको. तो 100 आणि 102 यांच्या मध्ये आहे, म्हणून √c हा 10 पेक्षा मोठा आहे, आणि 1/√c हे 0.1 पेक्षा लहान. म्हणजे √102 < 10.1. आता दुसरी बाजू: c < 102, म्हणून √c < √102 < 10.1, आणि 1/√c > 1/10.1, जे 0.0990 पेक्षा किंचित मोठे आहे. म्हणून

10.0990 < √102 < 10.1

वर्गमूळ न काढता उत्तर एक हजारांशाच्या पट्टीत अडकवले, आणि तेही हमीसह. खरी किंमत साधारण 10.0995 आहे.

हाच डाव सर्वसाधारण रूपात असा: अंतरालात सगळीकडे |f′(x)| ≤ M असेल, तर |f(b) − f(a)| ≤ M(b − a). f(x) = sin x घेतले तर विकलज cos x, त्याची किंमत −1 ते 1, म्हणून कुठल्याही दोन संख्यांसाठी |sin b − sin a| ≤ |b − a|. त्रिकोणमितीची सूत्रे न वापरता ही असमता एका ओळीत मिळाली.

याच वाटेवर सर्वांत जास्त वापरला जाणारा निष्कर्ष भेटतो. अंतरालात सगळीकडे विकलज शून्य असेल तर फलन स्थिर असते. कुठलेही दोन बिंदू p आणि q घ्या, त्यांच्या मधल्या तुकड्यावर प्रमेय लावा: f(q) − f(p) = f′(c)(q − p) = 0. संकलन करताना आपण शेवटी एक स्थिरांक जोडतो आणि तेवढाच पुरतो असे मानतो, त्याला आधार हाच. विकलज सगळीकडे धन असेल तर फलन वाढते, हेही याच समीकरणावरून.

हे इतके स्वाभाविक वाटते, की सिद्धतेची गरजच काय असे मनात येते. त्यावर एक उदाहरण. फक्त परिमेय संख्या अस्तित्वात आहेत अशी कल्पना करा, आणि त्यांवर 0 ते 2 या टप्प्यात फलन असे ठेवा: x² < 2 असेल तर 0, x² > 2 असेल तर 1. कुठल्याही परिमेय x साठी x² = 2 होत नाही, त्यामुळे कुणीच वगळले जात नाही. प्रत्येक परिमेय बिंदूभोवती थोड्या जागेत फलन स्थिरच आहे, म्हणून प्रत्येक बिंदूपाशी ते संतत आहे, विकलनीय आहे आणि विकलज शून्य आहे. तरी फलन एकीकडे 0 आहे आणि दुसरीकडे 1. निष्कर्ष कोसळला. √2 च्या जागी असलेल्या भोकातून फलन गुपचूप उडी मारून गेले. वास्तव संख्यांच्या रेषेत अशी भोके नाहीत, आणि ही गोष्ट सिद्धतेत एकाच ठिकाणी शिरते: चरम मूल्य प्रमेयात. म्हणूनच मघाशी सगळे वजन त्यावर आहे असे म्हटले.

भोक नसले तरी अंतरालच तुटलेले असेल, तर तोच धोका. (0, 1) वर 1 आणि (2, 3) वर 2 असे फलन घेतले तर विकलज सगळीकडे शून्य आणि फलन स्थिर नाही. कारण p एका तुकड्यात आणि q दुसऱ्यात घेतला की मधे प्रमेय लावायला जागाच नाही. 1/x चा विकलज −1/x², सगळीकडे ऋण, म्हणून हे फलन घटते असे म्हणणारे इथेच फसतात. f(−1) = −1 आणि f(1) = 1, म्हणजे किंमत वाढली आहे. घटते ते शून्याच्या प्रत्येक बाजूला स्वतंत्रपणे.

प्रमेय कुठे थांबते

f ची किंमत संख्या न राहता प्रतलातला बिंदू झाली, तर समानता टिकत नाही. एकक वर्तुळावर फिरणारा बिंदू (cos t, sin t) घ्या, t = 0 पासून 2π पर्यंत. सुरुवात आणि शेवट एकाच जागी, म्हणून सरासरी विस्थापन शून्य. पण वेग (−sin t, cos t) आहे, त्याची लांबी प्रत्येक क्षणी 1, आणि तो कधीच शून्य होत नाही. प्रत्येक घटकाला स्वतंत्रपणे प्रमेय लागते: cos t चा विकलज t = π पाशी शून्य आहे, sin t चा π/2 आणि 3π/2 पाशी. फक्त दोन्हींचा c एकच असण्याचे बंधन नाही, आणि इथे तो एक नाहीच. सिद्धतेतले कुठले वाक्य अडते तेही स्पष्ट आहे: प्रतलातल्या बिंदूंमध्ये लहानमोठेपणाचा क्रम नाही, म्हणून महत्तम किंमत म्हणजे काय हेच सांगता येत नाही. असमतेचे रूप मात्र तिथेही टिकते: वेगाची लांबी कधीच M पेक्षा जास्त नसेल, तर विस्थापनाची लांबी M(b − a) पेक्षा जास्त होत नाही.